नजर पडद्यावर, शेरा साक्षीदारावर

व्हीसीवरच्या साक्षीबद्दल आपल्याकडे एक मत पक्के बसले आहे. वकिलांच्या खोलीत ते ऐकू येते आणि न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवरही. मत असे: पडद्यावर माणूस अधिक उघडा पडतो. त्याचा चेहरा मोठा आणि समोरून दिसतो, गर्दीचा अडसर नसतो. म्हणून तो नजर चुकवत असेल, प्रश्नानंतर थबकत असेल, चेहरा निर्विकार ठेवत असेल, तर साक्षीदार पढवलेला आहे किंवा खोटे बोलतो आहे हे पिंजऱ्यापेक्षा पडद्यावर लवकर कळते.

हे मत सर्वोच्च न्यायालयाच्या एका महत्त्वाच्या निकालावर उभे आहे, म्हणून त्याचे खंडन आदराने आणि नेमकेपणाने करायला हवे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई हा तो निकाल, १ एप्रिल २००३ चा. मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेवरून दाखल झालेल्या फौजदारी खटल्यात अमेरिकेतील एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी, अशी सरकार पक्षाची मागणी होती. दंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली आणि उच्च न्यायालयाने नामंजूर केली. आरोपीच्या ‘समक्ष’ पुरावा नोंदवायचा म्हणजे साक्षीदार देहाने हजर हवा, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि पडद्यावरची उपस्थिती हीसुद्धा उपस्थितीच आहे असे ठरवले. (त्या खटल्यातील डॉक्टरांची २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेच निर्दोष मुक्तता केली, हेही इथे नोंदवले पाहिजे.) निकालाचा हा गाभा योग्यच होता. पण त्याच ओघात न्यायालयाने आणखी एक गोष्ट म्हटली. गर्दीच्या न्यायालयात दिसतो त्यापेक्षा साक्षीदार पडद्यावर अधिक चांगला दिसू शकतो, त्याचे हावभाव न्याहाळता येतात आणि चित्रण पुन्हा लावून पाहता येत असल्याने हे निरीक्षण उलट जास्त नीट होते, असा त्या विधानाचा आशय होता.

मला खोडायचे आहे ते हे दुसरे विधान. पहिल्याला हात लावायचा नाही, कारण नंदुरबार जिल्ह्यात त्याची गरज मुंबईपेक्षाही मोठी आहे. धडगाव तालुक्यातला माणूस चांदसैली घाट उतरून खाली येतो, पावसाळ्यात दरड कोसळली की तो घाट बंद पडतो, आणि साक्षीची तारीख पडली की त्याचा मजुरीचा दिवस बुडतो. त्याला जवळच्या केंद्रातून बोलता आले तर न्यायाची सोय होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने तर संपूर्ण खटला इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवण्याची मुभा दिली आहे. व्हीसी राहणारच. प्रश्न इतकाच, की पडद्यावर जे दिसते त्यातले साक्षीदाराचे किती आणि यंत्राचे किती?

आधी एक भेद. देसाई प्रकरणात ज्याची साक्ष घ्यायची होती तो तज्ज्ञ होता. तज्ज्ञाच्या साक्षीचा कस कागदपत्रांवर आणि युक्तिवादावर लागतो. तो कुठे पाहत होता यावर सहसा काही ठरत नाही. हावभावांना वजन येते ते प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या बाबतीत. ज्या प्रकरणात हावभावांचा प्रश्न जवळपास नव्हताच, त्या प्रकरणातले जाता जाता केलेले विधान आपण धडगावच्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला लावतो आहोत.

आता नजरेकडे येऊ. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातली मापे कोणत्याही कार्यालयात पट्टीने मोजता येतील. साक्षीदार संगणकासमोर बसला आहे. त्याचे डोळे पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर आहेत. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला आहे आणि न्यायाधीशांचे चित्र पडद्याच्या मधोमध, म्हणजे कॅमेऱ्याच्या १८ सेंटिमीटर खाली. साक्षीदार न्यायाधीशांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो तेव्हा त्याची नजर कॅमेऱ्याच्या रेषेपासून सुमारे १७ अंश खाली झुकलेली असते. न्यायालयातल्या पडद्यावर तो टेबलाकडे पाहताना दिसतो. मिल्टन चेन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले की नजर कॅमेऱ्याच्या खाली साधारण ५ अंशांपर्यंत झुकली तरी समोरच्याला ती थेट आपल्याकडेच वाटते. बाजूला किंवा वर मात्र १ अंशाच्या आसपास सरकली तरी नजर चुकल्यासारखी वाटू लागते. १७ अंश हे या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आहेत. दूरचित्रवाणी संच भिंतीवर आणि कॅमेरा शेजारच्या स्टँडवर, अशी मांडणी असेल तर गोष्ट आणखी बिघडते. दीड मीटरवर बसलेल्या माणसापुढे कॅमेरा चित्राच्या ४० सेंटिमीटर बाजूला असेल, तर त्याची नजर १५ अंश बाजूला गेलेली दिसेल, तीही साक्ष सुरू झाल्यापासून संपेपर्यंत.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की सततचा झुकाव आम्हाला कळतो, आम्ही सांगतो ते मधूनच होणाऱ्या कटाक्षाबद्दल. पण मधूनच होणाऱ्या कटाक्षालाही पडद्यावर कारणे असतात. प्रश्न विचारणारे वकील एका चौकटीत, न्यायाधीश दुसऱ्या चौकटीत आणि कोपऱ्यात स्वतःचेच छोटे चित्र असते. बोलणारा बदलला की नजर एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाते. पिंजऱ्यातला साक्षीदार वकिलाकडून न्यायाधीशाकडे मान वळवतो तेव्हा आपल्याला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण तो कोणाकडे पाहतो हे आपण पाहत असतो. पडद्यावर नजर सरकलेली दिसते, पण ती कशावर जाऊन थांबली ते चौकटीबाहेर राहते, आणि ती रिकामी जागा आपण संशयाने भरतो.

नंदुरबारमध्ये याला दुभाष्याची जोड मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिली, पावरी, मावची बोलणारा साक्षीदार मराठीतला प्रश्न दुभाष्याकडून समजून घेतो. दुभाषी त्याच्याच खोलीत बसला असेल तर साक्षीदार आधी दुभाष्याकडे पाहणार आणि मग उत्तर देणार. जो माणूस आपल्या भाषेत बोलतो त्याच्याकडे आपण वळतोच. पण दुभाषी कॅमेऱ्याच्या चौकटीत नसेल, तर न्यायालयात दिसते ते असे: प्रश्न झाला, साक्षीदाराने बाजूला पाहिले, कोणीतरी काही पुटपुटले आणि मग उत्तर आले. पढवलेल्या साक्षीदाराचे आपल्या मनातले चित्र तंतोतंत असेच असते.

उलट, खरोखर पढवणारा चतुर असेल तर तो उत्तरांचा कागद कॅमेऱ्याच्या अगदी मागे धरेल. असा साक्षीदार भिंगात थेट पाहत ठामपणे बोलेल आणि प्रामाणिक दिसेल. न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे मान देऊन पाहणारा साधा माणूस मात्र नजर चुकवणारा ठरेल. जी कसोटी प्रामाणिकाला पाडते आणि लबाडाला उत्तीर्ण करते, ती नुसती अपुरी आहे असे म्हणून भागत नाही. ती उलटी आहे.

दुसरे लक्षण थबकण्याचे. संभाषणात एकाचे बोलणे संपल्यावर दुसरा किती वेळाने सुरुवात करतो, हे स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांत मोजले. २००९ मधला तो अभ्यास सांगतो की भाषा वेगळ्या असल्या तरी हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास फिरते. आपला कान इतक्या बारीक मापाला सरावलेला आहे. आता आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला ४०० मिलिसेकंद लागतात असे धरू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये असे म्हटले आहे, म्हणजे आपण मर्यादेच्या टोकाचा आकडा घेतो आहोत. कमकुवत जोडणीवर तो ओलांडलाही जातो. वकिलांचा प्रश्न संपतो आणि ०.४ सेकंदाने साक्षीदाराच्या कानी पूर्ण पोहोचतो. तो ०.३ सेकंदात उत्तर सुरू करतो, म्हणजे अगदी सहज. त्याचा पहिला शब्द परत यायला आणखी ०.४ सेकंद लागतात. न्यायालयात ऐकू येते ती १.१ सेकंदाची शांतता. साक्षीदार थांबलेलाच नाही, तरी न्यायालयाने त्याला थांबताना ऐकले.

एवढ्यावर भागत नाही. शोनेनबर्ग, राके आणि कोएप्पे यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणाऱ्यांच्या मध्ये मुद्दाम विलंब घातला. ऐकणाऱ्यांनी दोष तारेला दिला नाही, समोरच्या माणसाला दिला. तो कमी लक्ष देणारा वाटला. प्रतिपक्षाचा हाच मोठा आधार असतो, की आम्ही अनुभवी आहोत, लाइनचा दोष आम्हाला कळतो. चित्र गोठले, आवाज तुटला, तर कळतोही. पण समान आणि छोटा विलंब काहीच तुटू देत नाही, म्हणून तो दोष म्हणून जाणवत नाही. तो माणसाचा स्वभाव म्हणून जाणवतो.

विलंबाचा एक परिणाम तर हावभावांच्या पलीकडे जाऊन थेट शब्दांवर होतो. उत्तर लवकर आले नाही म्हणून वकील प्रश्न पुन्हा विचारू लागतात आणि त्याच क्षणी साक्षीदाराचा आवाज पोहोचतो. प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा अशा वेळी एका बाजूचा आवाज कमी करते आणि उत्तराची सुरुवात गिळली जाते. ‘नाही, तो तिथे होता’ या उत्तरातला ‘नाही’ गेला की उरते ‘तो तिथे होता’. प्रश्न ‘तो त्या वेळी शेतात नव्हता ना?’ असा असेल, तर ठाम नकार गेला आणि मिळमिळीत विधान राहिले. उलटतपासणीत पुढचे दहा प्रश्न यावर बांधले जाऊ शकतात.

तिसरे लक्षण निर्विकार चेहऱ्याचे. ही करामत प्रकाशाची. पांढऱ्या चुन्याच्या लहान खोलीत छताजवळ ट्यूबलाइट असते. तिचा प्रकाश भिंतींवर आपटून सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे चेहऱ्याची वळणे सपाट होतात. फक्त डोळ्यांच्या खोबणीत वरून पडलेली सावली राहते, आणि तिथेच तर आपल्याला पाहायचे असते. त्यात वेबकॅम उजेडाचे माप स्वतः ठरवतो. बहुतेक साधे कॅमेरे संपूर्ण चौकटीची सरासरी मध्यम राखाडी छटेकडे आणायला बघतात. चौकटीचा मोठा भाग पांढरी भिंत असेल तर कॅमेरा सगळे चित्र काळवंडवतो. सावळ्या चेहऱ्याच्या माणसाला याचा सर्वांत जास्त फटका बसतो: भिंत ठीक दिसते आणि चेहऱ्यावरचा तपशील अंधारात जातो. उजेड कमी असला तर कॅमेरा चित्राचा दाणेदारपणा पुसतो आणि त्या पुसण्यात कपाळावरची आठी, ओठांची थरथर हेही पुसले जाते. त्यानंतर जोडणी अपुरी असेल तर चित्र आणखी दाबले जाते. शेवटी पडद्यावर एक गुळगुळीत, थंड चेहरा येतो, आणि त्यावर ‘साक्षीदाराच्या चेहऱ्यावर कोणताही भाव नव्हता’ असा शेरा लिहिला जाऊ शकतो.

राहिला पुन्हा लावून पाहण्याचा मुद्दा, जो देसाई निकालातला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आहे. चित्रण न्यायालयाच्या टोकाला झालेले असते. त्यात विलंब आधीच मिसळलेला असतो, कॅमेऱ्याचा कोन गोठलेला असतो आणि पुसला गेलेला तपशील परत येत नाही. दहा वेळा लावले तरी तेच १७ अंश आणि तेच १.१ सेकंद दिसणार. पुनरावृत्तीने निरीक्षण अचूक होत नाही, फक्त पाहणाऱ्याची खात्री वाढते. शब्द नीट ऐकायला पुनःप्रक्षेपण अमूल्य आहे. हावभाव पाहायला ते घातक आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला समजच ढासळलेला आहे. खोटे बोलणारा नजर चुकवतो, हा समज जगभर आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, डझनावारी देशांत केलेल्या पाहणीत तो सर्वांत जास्त आढळला. पण डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नजर टाळण्याचा आणि खोटेपणाचा म्हणावा असा संबंध सापडला नाही. बाँड आणि डीपॉलो यांच्या २००६ च्या संकलनात खरे-खोटे ओळखणाऱ्यांची अचूकता सरासरी ५४ टक्के निघाली. नाणे उडवले असते तरी ५० मिळाले असते. पिंजऱ्यातही ही कसोटी एवढीच दुबळी आहे. पडद्याने तिच्यात यंत्राचा दोष मिसळला आणि वर अचूकतेची ग्वाही दिली.

हा वाद पुस्तकी नाही, कारण हावभावांचा शेरा कागदावर चढतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८ नियम १२ आणि फौजदारीत जुने कलम २८०, आता नागरिक सुरक्षा संहितेतले कलम ३१५, साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल न्यायाधीशांना शेरा नोंदवू देतात. अपील पुढे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेले की खालच्या न्यायालयाने साक्षीदार स्वतः पाहिला होता, म्हणून त्या मताला मान दिला जातो. हा संकेत योग्य आहे, पण तो प्रत्यक्ष पाहण्यावर उभा आहे. ‘साक्षीदार वारंवार बाजूला पाहत होता’ एवढे वाक्य वर पोहोचते. कॅमेरा कुठे होता, दुभाषी कुठे बसला होता आणि लाइनला किती विलंब होता, हे त्याच्याबरोबर जात नाही.

मग पढवणी पकडायची कशी, असा रास्त प्रश्न प्रतिपक्ष विचारेल. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तयार केलेल्या नमुना नियमांत याची दिशा आहे: दूरच्या टोकाला समन्वयक असावा, साक्षीदाराजवळ अनावश्यक माणूस नसावा, पुरेसा उजेड आणि शांत जागा असावी. पढवणी डोळ्यांवरून ओळखायची नसते, खोलीवरून ओळखायची असते. दुसरा कॅमेरा किंवा साधा मोबाइल खोलीच्या मागच्या कोपऱ्यातून साक्षीदाराची पाठ, पडदा आणि दुभाषी असे सगळे दाखवत राहिला, तर साक्षीदार कशाकडे पाहतो हे अंदाजावर राहत नाही.

बाकीचे उपाय साक्ष सुरू होण्याआधी होऊ शकतात आणि त्यांना वेगळा खर्च लागत नाही. साक्षीदाराची खुर्ची मागे घेऊन पडद्यापासून एक मीटर अंतरावर ठेवावी. न्यायाधीशांची चौकट लहान करून पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याखाली आणावी. चित्राचा मध्य कॅमेऱ्याच्या ६ सेंटिमीटर खाली आला की झुकाव साडेतीन अंशांपर्यंत येतो, म्हणजे चेन यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या आत. साक्षीदाराचे स्वतःचे चित्र बंद करावे. खिडकी त्याच्या समोर येईल असे बसवावे आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर गडद पडदा लावावा. डोळ्याचा पांढरा भाग बुबुळापासून वेगळा दिसत नसेल, तर नजरेबद्दल त्या दिवशी काहीही लिहू नये.

विलंब मोजायलाही सोपी रीत आहे. न्यायालयातून ‘आता’ म्हणावे, दूरच्या समन्वयकाने ऐकताक्षणी टाळी वाजवावी आणि न्यायालयातल्या कोणी मोबाइलवर दोन्हींमधले अंतर टिपावे. असे पाच-सहा वेळा करावे आणि माणसाच्या प्रतिक्रियेचा पाव सेकंद वजा करावा. उरतो तो लाइनचा जाण्या-येण्याचा विलंब. नंतर साक्षीदाराला नाव, गाव, घरातली माणसे असे प्रश्न त्याच दुभाष्यामार्फत विचारावेत. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाला सव्वा सेकंद लागत असेल आणि ‘कुऱ्हाड कोणाच्या हातात होती?’ या प्रश्नालाही सव्वा सेकंदच लागत असेल, तर थबकण्यात पुराव्याच्या दृष्टीने काहीच नाही. दुसऱ्याला तीन सेकंद लागले तर लाइनचे कारण बाद झाले, इतकेच सिद्ध होते. आठवण, भीती, दुःख ही कारणे अजून उरतातच. महत्त्वाचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी मोठ्याने पुन्हा वाचून साक्षीदाराकडून कबूल करून घ्यावे, म्हणजे गिळलेला ‘नाही’ सापडेल.

या मापांवर कोणी म्हणेल की जिल्ह्याच्या न्यायालयात एवढा वेळ कुठे आहे. टाळी आणि खुर्चीचे काम पाच मिनिटांचे आहे. ते करायचे नसेल तर दुसरा मार्गही खुला आहे: हावभावांचा शेरा लिहूच नये आणि साक्ष तिच्या शब्दांवर, इतर पुराव्याशी असलेल्या मेळावर तोलावी. तोही पूर्ण न्याय आहे.

म्हणून न्यायाधीशांना आणि वकिलांना माझी विनंती एवढीच आहे. व्हीसीवरच्या साक्षीदाराच्या नजरेबद्दल किंवा थबकण्याबद्दल शेरा लिहायचा असेल, तर त्याच शेऱ्यात कॅमेरा कुठे होता, साक्षीदार किती अंतरावर बसला होता, दुभाषी कुठे होता, उजेड कुठून येत होता आणि मोजलेला विलंब किती होता, हेही लिहावे. ज्या शेऱ्यात यातले काही नाही, त्याला अपिलात वजन देऊ नये.